नाडी वर येईपर्यंत

पित्ताशयातले खडे काढायचं ठरलं, तेव्हा त्या शस्त्रक्रियेची मला फारशी भीती वाटत नव्हती. तीन-चार लहान छेद, दोन दिवस रुग्णालयात, मग घरी. आदल्या दिवशीच्या तपासणीसाठी मी कॉलेजातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेले. भूल देणाऱ्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी माझं मनगट धरलं, घड्याळाकडे पाहिलं, मग दुसरं मनगट धरलं. ईसीजीचा कागद पुन्हा हातात घेतला.

"चक्कर येते का तुम्हाला?"

"नाही."

"कधी शुद्ध हरपली होती?"

"नाही. अहो, मी पळते. म्हणून नाडी कमी असते माझी."

"किती पळता?"

"आठवड्याला साठ-पासष्ट किलोमीटर."

त्यांनी मान हलवली, पण चेहरा निवळला नाही. "तरी एक्केचाळीस म्हणजे कमीच. घरात कुणाला हृदयाचा त्रास?"

"वडिलांना पेसमेकर आहे. बावन्नाव्या वर्षी बसवला."

हे ऐकल्यावर त्यांनी पेनाला टोपण लावलं. शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेली.

तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांची होते. कोथरूडमधल्या एका कॉलेजात ग्रंथपाल. लग्न केलं नव्हतं. आई गेल्यापासून बाबा आणि मी दोघंच राहत होतो. छत्तिसाव्या वर्षी, पाठ दुखते म्हणून, मी टेकडीवर चालायला लागले आणि काही महिन्यांतच चालण्याचं पळणं झालं. आमचा सात-आठ जणांचा गट होता. सकाळी टेकडीच्या पायथ्याशी भेटायचो. घरोघरी मुलांचे मार्क सांगतात तसे आमच्यात एकमेकांना नाडीचे आकडे सांगितले जायचे. सकाळी उठल्यावर, अंथरुणातच, पाय जमिनीला लावायच्या आधी मोजलेली नाडी. सुरुवातीला माझी अडुसष्ट होती. आठ वर्षांत ती एक्केचाळिसावर आली होती. मला त्याचा अभिमान होता. तो आकडा मी कमावलाय असं मला वाटायचं.

तोच आकडा घेऊन मी सदाशिव पेठेतल्या, बाबांच्याच हृदयरोगतज्ज्ञांकडे गेले. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. डॉक्टर साठीचे असतील. मी आत जाऊन बसले, तसे म्हणाले, "जिना चढून आलात, म्हणजे पहिली तपासणी झाली. लिफ्ट न बसवण्याचा एवढाच फायदा."

त्यांनी दोन दिवसांत सगळ्या तपासण्या केल्या. चोवीस तासांची नोंद ठेवणारं एक छोटं यंत्र छातीला चिकटवून घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी ट्रेडमिलवर पळवलं, आधी वेग वाढवत वाढवत दम लागेपर्यंत. मग अर्धा तास बसवून ठेवलं आणि पुन्हा एकदा ताशी आठ किलोमीटरच्या वेगानं फक्त सहा मिनिटं. सहाव्या मिनिटाला माझी नाडी एकशे सव्वीस होती. तो आकडा त्यांनी कागदाच्या कोपऱ्यात लिहून त्याभोवती गोल केला. तेव्हा मला वाटलं, हे कशाला, जोरात पळवलं त्यातच सगळं कळलं असेल.

"दमछाक होईपर्यंत पळवलं तेव्हा नाडी एकशे शहात्तरपर्यंत गेली," ते म्हणाले. "हे चांगलं लक्षण आहे. पण झोपेत तुमचं हृदय मधेच जवळजवळ तीन सेकंद थांबतंय. आणि हे बघा." त्यांनी ईसीजीचा कागद माझ्यापुढे सरकवला. गुलाबी चौकोनांवर एक लहान उंचवटा आणि त्याच्या पुढे एक उंच टोक. "वरच्या कप्प्यातून निघालेली सूचना खालच्या कप्प्यापर्यंत पोचायला पाच बारीक चौकोनांपेक्षा जास्त वेळ लागू नये. तुमच्यात साडेसहा लागतायत."

"म्हणजे काय झालंय मला?"

"दोन शक्यता. एक, तुम्ही आठ वर्षं पळून पळून हृदयाला असं सावकाश चालायची सवय लावलीय. माझं मत बहुतेक तेच आहे. दुसरी, वडिलांच्या हृदयात जो बिघाड बावन्नाव्या वर्षी दिसला, तो तुमच्यात आताच सुरू झालाय. कागदावर दोन्ही सारखीच दिसतात."

"मग ओळखायचं कसं?"

"पळणं थांबवायचं. सहा आठवडे. पळण्यामुळे मंदावलेलं हृदय, पळणं थांबलं की हळूहळू वेग घेतं. आजारी हृदयाला तुम्ही पळताय की बसलाय, याचं काही सोयरसुतक नसतं."

"म्हणजे मी आठ वर्षांत कमावलेलं घालवायचं, आणि ते जातंय का ते बघायचं?"

"गेलं तर तुम्ही बऱ्या," ते म्हणाले. "कॉलेजात जा, पुस्तकं द्या, पुस्तकं घ्या, घरी या. सावकाश चाललात तर चालेल. टेकडी नाही. सायकल नाही. पोहणंही नाही. पळू नका म्हटलं की तुमच्यासारखे लोक पोहायला जातात."

घरी आल्यावर मी बाबांना सगळं सांगितलं. ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेलं. ऐकून घेताना त्यांचा हात नकळत डाव्या खांद्याखाली गेला. तिथे कातडीखाली त्यांचं यंत्र होतं, चपट्या काडेपेटीएवढं. ते उठून स्वयंपाकघरात गेले, पाणी प्यायले आणि परत येऊन म्हणाले, "नाडी मी मोजेन."

"बाबा, मला येते मोजता. घड्याळ आहे माझ्याकडे."

"तू मोजलीस की तू विचार करणार, आणि विचार केलास की वाढणार. मी मोजेन आणि तुला सांगणार नाही. रविवारी एकदम वही बघायची."

पेसमेकर असलेल्या माणसाला रोज स्वतःची नाडी बघायला सांगतात. साठाच्या खाली गेली तर यंत्रात काही गडबड आहे असं समजायचं. बाबा बावीस वर्षं रोज सकाळी ते करत होते. त्यामुळे त्यांच्या बोटांना जी सवय होती ती माझ्या घड्याळाला नव्हती. दुसऱ्या दिवसापासून ते साडेपाचला माझ्या खोलीत यायचे. मी जागी झालेली असायचे, पण हलायचे नाही. ते खुर्ची ओढून बसायचे, उजव्या हाताची तीन बोटं माझ्या मनगटावर अंगठ्याच्या बाजूला ठेवायचे आणि डाव्या हातात त्यांचं जुनं घड्याळ. पूर्ण एक मिनिट. मी एकदा म्हटलं, पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर चालत नाही का? त्यावर ते म्हणाले, "चालतं. चूकही चौपट होते, एवढंच."

मला आठवतं, त्या मिनिटात खोलीत फार शांत असायचं. लहानपणी ताप आला की ते असे बसायचे. नंतर कधी त्यांनी माझा हात धरल्याचं मला आठवत नाही. आमच्या घरात ती पद्धत नव्हती.

पहिल्या रविवारी मी वही पाहिली. एक्केचाळीस, बेचाळीस, चाळीस, एक्केचाळीस, एक्केचाळीस, बेचाळीस, एक्केचाळीस. आठवडाभर मी एक पाऊलही पळले नव्हते. पाय बसल्या जागी चुळबुळत होते, झोप उथळ झाली होती, चिडचिड वाढली होती, आणि हृदय मात्र तसंच होतं, जणू त्याला अजून कुणी काही सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात रविवारपर्यंत थांबणं मला जमलं नाही. गुरुवारी बाबा आंघोळीला गेले असताना मी वही उघडली. आकडे तेच होते. बेचाळीस, एक्केचाळीस, त्रेचाळीस, एक्केचाळीस. पण पानावर खोडरबराचे डाग होते. प्रत्येक आकड्याखाली आधीचा पुसलेला आकडा अंधुक दिसत होता. मग मला समजलं. माझा पुन्हा डोळा लागल्यावर ते परत येऊन बसत होते. एकदा मोजून झाल्यावर पुन्हा मोजत होते, जास्त येतंय का बघायला. आणि येत नव्हतं.

आंघोळ करून आल्यावर त्यांनी माझ्या हातात वही पाहिली. रागावले नाहीत.

"माझ्या वेळी असंच होतं," ते म्हणाले. "शाळेत जिना चढलो तरी नाडी वाढायची नाही. फळ्यापाशी उभा असायचो आणि मुलं लांब गेल्यासारखी वाटायची. मी दोन वर्षं कुणाला सांगितलं नाही." मग म्हणाले, "तुला माझ्याकडून गणित मिळालं असतं तर बरं झालं असतं."

मी हसले, पण नंतर पुस्तकांच्या कपाटांमध्ये उभी असताना मला घाम फुटला. चक्कर येतेय का, हे मी दर थोड्या वेळाने तपासत होते. जिना चढताना कठडा धरत होते. आठ वर्षांत पहिल्यांदा मला माझ्याच शरीराची भीती वाटली.

पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी बोलावलं होतं. मी वही पुढे केली. म्हटलं, "काहीच हललेलं नाही."

"सकाळची नाडी इतक्यात हलत नाही," ते म्हणाले. "ती सगळ्यांत शेवटी हलते. चला, ट्रेडमिल."

तेवढाच वेग. सहा मिनिटं. मला वाटलं मी सहज पळतेय. सहाव्या मिनिटाला तंत्रज्ञ बाईंनी आकडा वाचला. एकशे चौतीस. डॉक्टरांनी माझा जुना कागद काढला. कोपऱ्यात गोल केलेला एकशे सव्वीस. त्याच्याशेजारी त्यांनी नवा आकडा लिहिला.

"पंधरा दिवसांत आठ ठोके. तेवढंच काम करायला हृदयाला मिनिटाला आठ ठोके जास्त द्यावे लागले."

"पण मला काही जाणवलं नाही."

"तुम्हाला विचारलंय कुणी? शरीराचं शरीर ठरवतं." मग ते खुर्चीत मागे टेकले आणि जरा वेगळ्या आवाजात बोलायला लागले. शिकवणाऱ्या माणसाचा आवाज मला घरातून ओळखीचा होता. "पळणाऱ्या माणसाच्या अंगात रक्तातलं पाणी जास्त असतं. शरीर ते साठवून ठेवतं, कारण रोज लागतं. पळणं थांबवलं की ते पाणी सोडून द्यायला शरीर दोन-तीन दिवसांतच सुरुवात करतं. रक्त कमी भरतं, म्हणून प्रत्येक ठोक्याला हृदय कमी रक्त पुढे ढकलतं. मागणी तर तेवढीच आहे. मग ठोके वाढवायचे. बसलेल्या माणसाला हे दिसत नाही. पळायला लावलं की दिसतं."

मी विचारलं, "म्हणजे हे आजाराचं नाही?"

"मी असं म्हटलेलं नाही. मी म्हटलं, हलायला लागलंय. अजून चार आठवडे आहेत."

त्या दिवशी जिना उतरताना मी कठडा धरला नाही. एक साधी गोष्ट मला फार मोठी वाटत होती. मी लायब्ररीत बसून रजिस्टर भरत होते, वरणभाताचा कुकर लावत होते, बाबांशी बातम्यांवरून वाद घालत होते, आणि त्याच वेळी आत कुणीतरी रोज हिशेब बघून ठरवत होतं की आता एवढ्या रक्ताची गरज नाही. मला न विचारता. माझ्या अभिमानाला तर अजिबातच न विचारता.

तिसऱ्या आठवड्यात बाबांच्या यंत्राची सहामाही तपासणी होती. तीही त्याच दवाखान्यात. मी आजवर त्यांना सोडून बाहेर बसायचे. या वेळी म्हटलं, मी आत येऊ का? बाबा म्हणाले, ये.

त्यांना आडवं झोपवलं. यंत्राच्या कंपनीतून आलेल्या माणसाने त्यांच्या खांद्याखाली एक जाड चकती ठेवली. ती वायरीने लहान संगणकाला जोडलेली होती. पडद्यावर बाबांचे ठोके सरकत होते. प्रत्येक ठोक्याच्या आधी एक बारीक उभी रेघ. ती रेघ म्हणजे यंत्राने दिलेला धक्का, डॉक्टरांनी सांगितलं. मिनिटाला साठ. एकसारखे, आखल्यासारखे.

"आता आपण यंत्राला जरा गप्प बसवतो," डॉक्टर म्हणाले. "खाली तुमचं स्वतःचं काही आहे का बघायला. हलकं वाटलं तर सांगा."

साठाचे पन्नास केले. मग चाळीस. प्रत्येक ठोक्याआधी रेघ होतीच. मग तीस. रेघ नाही. पडद्यावर सपाट ओळ सरकत गेली. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही, दोन सेकंदही झाले नसतील. मग एक ठोका आला. त्याच्या आधी रेघ नव्हती. तो यंत्राचा नव्हता. मग पुन्हा सपाट, आणि पुन्हा एक.

"आहे अजून," डॉक्टर म्हणाले.

"थोडं हलकं वाटतंय," बाबा म्हणाले. डॉक्टरांनी लगेच यंत्र साठावर आणलं. पडद्यावर रेघा परत आल्या.

बाबांनी विचारलं, "किती होते माझे?"

"चौतीस."

"एका मार्काने नापास," बाबा म्हणाले.

डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही. बावीस वर्षं यंत्र त्याचं काम करत होतं, आणि त्याच्या खाली, कुणी मागत नसताना, ते जुनं हृदय आपल्या परीने ठोका देत होतं. देवळात गेल्यावर मला कधी जे वाटलं नव्हतं ते त्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून वाटलं. माझ्या छातीत काय आहे हे अजून ठरायचं होतं. तरी त्या अर्ध्या तासात माझी भीती कमी झाली. जे आहे ते इतकं चिवट असेल तर आपण उगाच त्याच्या वतीने घाबरतोय, असं काहीसं मनात आलं.

त्याच आठवड्याच्या शेवटी सकाळी बाबांनी माझं मनगट धरलं आणि त्यांचे डोळे मोठे झाले.

"किती?"

"सांगायचं नाही असं ठरलंय."

"बाबा."

"छप्पन्न."

मी उठून बसले. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. मग त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला, आणि त्यांचा चेहरा उतरला. अंग तापलं होतं. दुपारपर्यंत घसा धरला, शिंका सुरू झाल्या. तापात नाडी वाढतेच. बाबांनी वहीत छप्पन्न लिहिलं आणि त्याला कंस करून पुढे "ताप, धरू नये" असं लिहिलं. चार दिवस तसेच कंसात गेले.

ताप गेल्यावर आकडा खाली आला, पण पूर्वीच्या जागी आला नाही. चव्वेचाळीस. दुसऱ्या दिवशी पंचेचाळीस. पुन्हा चव्वेचाळीस. बाबा म्हणाले, तापाचा अंश असेल, थांबू. आम्ही थांबलो. पाचव्या आठवड्यात शेहेचाळीस, सत्तेचाळीस, शेहेचाळीस, अठ्ठेचाळीस. आता ते पुसून लिहीत नव्हते. एकदाच मोजायचे आणि थेट पेनाने लिहायचे. सांगायचं नाही हा नियमही आपोआप मोडला. मोजून झालं की ते घड्याळ खिशात ठेवता ठेवता आकडा म्हणायचे, आणि मग चहा टाकायला जायचे.

त्या दिवसांत मला विचित्र दुहेरी आनंद होत होता. संध्याकाळी कॉलेजचे दोन जिने चढले की थोडा दम लागायचा. पूर्वी तो लागला असता तर मी अस्वस्थ झाले असते. आता मी जिन्याच्या वर उभी राहून गळ्यापाशी बोटं लावून बघायचे आणि मनातल्या मनात म्हणायचे, चाललंय, जातंय. आमच्या पळणाऱ्यांच्या गटातल्या एका वयस्कर बाई, ज्यांना आम्ही सगळे ताई म्हणायचो, त्या एकदा लायब्ररीत भेटायला आल्या. म्हणाल्या, "अगं, सहा आठवडे म्हणजे सगळं पाण्यात."

मी म्हटलं, "तेच हवंय."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला सगळं पहिल्यापासून समजावून सांगावं लागलं. ऐकल्यावर त्या बराच वेळ टेबलावरच्या पुस्तकांचे कणे चाचपत बसल्या. मग म्हणाल्या, "इतक्या सहज सोडून देतं का शरीर सगळं?"

सहा आठवडे झाले त्या दिवशी सकाळची नाडी एकोणपन्नास होती. आठ वर्षांत मी खाली आणलेल्या सत्तावीस ठोक्यांपैकी आठ दीड महिन्यात परत गेले होते. पुन्हा ते चोवीस तासांचं यंत्र लावलं, पुन्हा ईसीजी, पुन्हा सहा मिनिटांचं पळणं. या वेळी चौथ्या मिनिटापासूनच माझा श्वास मला ऐकू येत होता. सहाव्या मिनिटाला एकशे एक्केचाळीस. सव्वीस, चौतीस, एक्केचाळीस. कोपऱ्यात तीन आकडे एकाशेजारी एक.

दुसऱ्या दिवशी निकाल ऐकायला बाबाही आले. त्यांना दोन जिने चढायला वेळ लागला, पण खालीच थांबायला ते तयार नव्हते.

डॉक्टरांनी दोन्ही ईसीजी टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. बाबांनी खिशातून चष्मा काढून लावला आणि ते दोन्ही कागदांवर वाकले. नखाने चौकोन मोजले. जुन्यावर साडेसहा. नव्यावर मोजताना ते दोनदा थांबले.

"पावणेपाच," ते म्हणाले.

"बरोबर," डॉक्टर म्हणाले. "आणि झोपेतली ती लांब विश्रांती गेली. आता पावणेदोन सेकंदांच्या वर कुठेच थांबत नाही. यांचं हृदय आजारी नाही. ते आज्ञाधारक आहे. पळा म्हटलं तेव्हा पळणाऱ्याचं झालं, बसा म्हटलं तेव्हा बसणाऱ्याचं व्हायला लागलं."

बाबांनी चष्मा काढला. तो पुसत बराच वेळ बसले. डॉक्टरांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली, कुणाचा तरी अवघडलेपणा वाचवावा तशी. मग खिडकीकडेच बघत म्हणाले, "मी तीस वर्षं हे बघतोय. सवय व्हायला हवी होती. होत नाही. पंधरा दिवसांत हृदय कामाचं मोजमाप बदलतं, महिन्या-दीड महिन्यात विश्रांतीचं. आणि पुन्हा पळायला लागलं की त्याच क्रमाने परत."

"मी पळू शकते?"

"आधी खडे काढून घ्या. मग पळा. वर्षातून एकदा ईसीजी. कधी चक्कर आली तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. आणि भूल देणाऱ्या बाईंना माझं पत्र द्या. त्यांनी तुम्हाला थांबवलं ते योग्यच केलं."

शस्त्रक्रिया सरळ पार पडली. त्यानंतर तीन आठवडे नुसतं चालणं. म्हणजे एकूण जवळजवळ अडीच महिन्यांनी मी पहिल्यांदा टेकडीच्या पायथ्याशी उभी राहिले. छातीला नाडी टिपणारा पट्टा, मनगटावर घड्याळ. पूर्वी ज्या वेगाने पळताना मी ताईंशी गप्पा मारत असे, त्याहून कमी वेगात माझी नाडी एकशे साठ झाली. पाय जड होते. अर्ध्या वाटेत मी चालायला लागले. सहा आठवडे जे व्हावं म्हणून मी वाट पाहिली होती, ते आता माझ्याच अंगावर आलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी मला रडू आलं.

पण मी टिपून ठेवत गेले. सवय लागली होती. एक दिवसाआड, तीच वाट, तोच सावकाश वेग. दहा-बारा दिवसांत एकशे साठाचे एकशे एक्कावन्न झाले. पाय तेवढेच जड होते, दमही लागत होता, पण आकडा आधी बदलला. म्हणजे शरीर पुन्हा पाणी साठवायला लागलं होतं. मी कुणाला सांगितलं नव्हतं की मला पुन्हा पळायचंय. मी फक्त पळत होते, आणि तेवढ्यावरून ते त्याला समजलं होतं. महिन्याने एकशे बेचाळीस. सकाळची नाडी मात्र महिनाभर जागची हलली नाही, मग एकेक करत उतरायला लागली. अठ्ठेचाळीस, सत्तेचाळीस. चार महिन्यांनी त्रेचाळीस. त्याखाली ती पुन्हा गेली नाही, आणि मीही तिच्यामागे लागले नाही. गटात आता कुणी आकडा विचारला तर मी सांगते, पण पूर्वीच्या सुरात नाही. तो मी कमावलेला आहे असं मला आता वाटत नाही. मी मागितलं तेवढं मिळालं, असं वाटतं.

पावसाळा संपताना एका सकाळी मी टेकडीच्या माथ्यापर्यंत न थांबता पोचले. घड्याळ घरी राहिलं होतं. दगडावर बसले आणि बाबा लावायचे तशी तीन बोटं मनगटावर लावली. ठोके इतके भराभर येत होते की मोजणं जमेना. खाली कोथरूडच्या इमारतींवर ऊन पडायला लागलं होतं. मी बोटं तशीच ठेवली. थोड्या वेळाने ठोके मोजता येण्याइतके सुटे झाले. मग आणखी सुटे. मी काहीही करत नव्हते, नुसती बसले होते, आणि बोटांखाली ते आपणहून सावकाश होत चाललं होतं.

ताई मागून आल्या, शेजारी बसल्या. "किती?" त्यांनी विचारलं.

"मोजले नाहीत," मी म्हटलं. "नुसते ऐकतेय."

त्यांनी आपलीही बोटं आपल्या मनगटावर ठेवली.